वेबसाइट आपली, मूळ फाइल कुणाच्या?

शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या आमच्या सोलापुरातल्या एका बचत गटाने २०,००० रुपयांत वेबसाइट करून घेतली. वर्षाने मूळ फाइल मागितल्या, तर करणारा म्हणाला, ‘‘त्या द्यायचं कुठं ठरलं होतं?’’

पैसे पूर्ण दिले होते, तरी त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, बाहेरच्याकडून करून घेतलेल्या अशा कामाचा हक्क लेखी, सहीनिशी दिला नसेल तर सहसा करणाऱ्याकडेच राहतो. लिहून देताना मुदत घातली नाही, तर तो ५ वर्षांपुरताच धरतात. म्हणून करारात ‘कायमचा’ हा शब्द हवाच.

मैत्रिणींनो, हप्तेही याच्याशीच जोडा. सुरुवातीला ८,०००, नमुना पसंत पडल्यावर ८,००० आणि मूळ फाइल, पासवर्ड हाती आल्यावर उरलेले ४,०००. शेवटचा हप्ता आपल्याकडे असला, की मागण्याला वजन राहतं.

दुरुस्त्यांच्या ‘दोन फेऱ्या’ असं नुसतं लिहून भागत नाही. फेरी म्हणजे सगळ्यांनी बसून केलेली एकच यादी, हेही लिहा. आज एकीने हिरवा रंग सांगितला, उद्या दुसरीने लाल, तर त्या पोराने किती वेळा तेच करायचं? तिसऱ्या फेरीचे पैसे किती, तेही आधीच ठरवा. मात्र दिलेला भाव त्यानेच चुकीचा छापला, तर ती त्याची चूक. ती फेरीत मोजायची नाही.

एवढं एका कागदावर मावतं. सही आगाऊ रक्कम देण्याआधी घ्या.