हेमंतातील पहाटेचे फिरणे आणि वृद्धांचा रक्तदाब

हेमंत ऋतू बलदायक, म्हणून या दिवसांत पहाटे उठून भरपूर फिरावे, असा सल्ला आपण चिकित्सक सर्रास देतो. तरुण व निरोगी माणसाला तो योग्यच आहे. परंतु साठीच्या पुढील, त्यातही रक्तदाबाच्या रुग्णाला तोच सल्ला जसाच्या तसा देणे आम्हांस धोक्याचे वाटते.

झोपेतून जागे होण्याच्या सुमारास रक्तदाब व नाडीची गती स्वाभाविकपणेच वाढू लागते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या पहिल्या काही तासांत अधिक येतात, हेही सर्वज्ञात आहे. त्यात थंड हवा चेहऱ्याला व हातापायांना लागली की त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब आणखी चढतो. वयोमानाने ताठर झालेल्या रक्तवाहिन्यांत ही वाढ अधिक होते. थंडी घालविण्यासाठी माणूस भरभर चालू लागतो, तेव्हा नाडीही वेग घेते. असे तिन्ही भार हृदयावर एकाच वेळी पडतात.

आमच्या पाहण्यातील एका रुग्णाचे उदाहरण देतो. नाशिकचे एक सेवानिवृत्त शिक्षक, वय ६९. रक्तदाबाची गोळी सकाळी नऊ वाजता न्याहारीनंतर घेत. दवाखान्यात अकरा वाजता तपासता रक्तदाब १३२/८२ भरे, म्हणून सारे आलबेल वाटे. डिसेंबरात मात्र पहाटे सव्वापाचला फिरताना त्यांचे डोके जड होऊ लागले. आम्ही त्यांना सात दिवस घरी रक्तदाब मोजावयास सांगितले. पहाटे उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा व गोळीपूर्वी, पाच मिनिटे पाठ टेकून बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजावयाचे, संध्याकाळीही तसेच. पहाटेची सरासरी १५६/९२ निघाली. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा अधिक असेल तर ती वाढलेली समजतात. गोळीचा प्रभाव ओसरण्याची व थंडीची वेळ एकच होती, आणि दवाखान्यातील तपासणी नेमकी गोळी घेतल्यानंतरची होती. ही नोंद घेऊन आम्ही त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. गोळीत बदल त्यांनी केला, फिरण्याची वेळ आम्ही बदलली. तीन आठवड्यांनी सकाळची सरासरी १३४/८२ झाली आणि डोके जड होणे थांबले. यात गोळीचा वाटा मोठा, हे मान्य करूनच वेळेचे महत्त्व सांगतो.

शास्त्राचा आधारही याच बाजूस आहे. ब्राह्म मुहूर्तावर उठण्याचा उपदेश स्वस्थ व्यक्तीस आहे, आणि तो उठण्याचा आहे, थंड वाऱ्यात चालण्याचा नव्हे. हेमंतचर्येत अभ्यंग, आतपसेवन व उबदार वस्त्रे सांगितली आहेत. अष्टांगहृदयात तर वृद्धास व्यायाम वर्ज्यच सांगितला आहे. बेतशीर चालणे ही त्यातून काढलेली सुरक्षित वाट होय.

म्हणून वृद्ध रुग्णास सांगावे, की ऊन अंगावर येईपर्यंत थांबावे. उठल्यावर थोडे बसून कोमट पाणी प्यावे. घरातच पाच-सात मिनिटे हातपाय हलवून अंग उबदार करावे. कान, डोके व नाक-तोंड मफलरने झाकावे, हातमोजे व पायमोजे घालावेत. पहिली व शेवटची दहा मिनिटे संथ चालावे. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धशक्तीची मर्यादा ओलांडली समजावे. नाडी मोजून वेग ठरविणे बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत फसवे ठरते, कारण त्या औषधाने नाडी दबलेलीच असते. रक्तदाब १८०/११० वा अधिक आढळल्यास त्या दिवशी फिरू नये. पाच मिनिटांनी पुन्हा मोजून डॉक्टरांना कळवावे.

औषधविक्रेत्या बांधवांसही दोन शब्द. हिवाळ्यात ज्येष्ठमधाच्या काढ्यांची व चूर्णांची मागणी वाढते. ज्येष्ठमध अनेक दिवस मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीरात पाणी व क्षार साठतात, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो; लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम आणखी घसरते. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनीही रक्तदाब वाढतो. तेव्हा वृद्ध ग्राहकास ही औषधे देण्यापूर्वी ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे.

आणि फिरून आलेला वृद्ध छातीत दडपण, जबड्यात वा डाव्या हातात कळ, घाम व दम यांची तक्रार घेऊन गॅसवरचे चूर्ण मागू लागला, तर चूर्ण देऊ नये. त्यास बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्या घडीला चूर्णाने मिळणारा तात्पुरता दिलासा त्याचा अमूल्य वेळ खातो.