सॉरी, साडेआठ नव्हे, साडेसात!

शनिवारची संध्याकाळ, वेळ आठ वाजून पस्तीस मिनिटं. सेलूतल्या माझ्या शाळासोबत्यांनी जमवलेल्या वेबिनारच्या स्क्रीनवर चाळीसेक चेहरे हजर आणि स्पीकर गायब! न्यू जर्सीत राहणारी आमचीच एक सीनियर परदेशी युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलणार होती. एक मुलगा नेट नीट मिळावं म्हणून खेड्यातून सेलूत आत्याकडे येऊन बसला होता. शेवटी त्याच्या आत्यानेच विचारलं, "काऊन वो, प्रोग्राम झाला का संपून?"

झाला नव्हता, पण होण्याची वेळ मात्र संपली होती. ताई तासभर आधीच लॉगिन करून, वाट बघून, मला तीन फोन करून ऑफिसच्या कामाला निघून गेली होती. मी तेव्हा नागपूरहून सेलूला येणाऱ्या बसमध्ये, फोन सायलेंटवर ठेवून मस्त झोपले होते!

घोळ कुठे झाला? ताईने मेलमध्ये लिहिलं होतं, "10 am EST". मी ते कन्व्हर्टरमध्ये टाकलं, रात्रीचे साडेआठ असं उत्तर आलं आणि ते मी सगळ्यांना पाठवलं. कन्व्हर्टर बिचारा खरंच बोलत होता. EST म्हणजे तिकडची हिवाळी वेळ, आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात. तेव्हाच्या वेळेला EDT म्हणतात आणि फरक उरतो साडेनऊ तासांचा. जुलै महिना होता, म्हणजे आपल्याकडे साडेसातच! तिथले लोक सवयीने बाराही महिने EST लिहितात. आपण दुसऱ्या महायुद्धात घड्याळं पुढे केली होती, पण आज आपल्याकडे तो प्रकार नाही. त्यामुळे शंकाच येत नाही.

मग वेळ आली माफीच्या पत्राची. माझा पहिला ड्राफ्ट होता, "काही तांत्रिक अडचणीमुळे..." हे वाचून आपलंच नेट गेलं असं प्रत्येकाला वाटलं असतं. शिवाय ज्याची चूक नाही त्याला संशयात ठेवून मागितलेली माफी काय कामाची? दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी EST आणि EDTवर अख्खा निबंध लिहिला. तोही डिलीट! वाचणाऱ्याला आधी तीनच गोष्टी हव्या असतात: चूक कोणाची, आता कधी, आणि मी काय करायचं. शेवटी गेलं ते असं:

"नमस्कार,
शनिवारच्या वेबिनारची वेळ मी चुकीची कळवली. भारतात संध्याकाळचे ७.३० हवे होते, मी रात्रीचे ८.३० लिहिले. तुमचा किंवा स्पीकरचा काहीही दोष नाही. तुमचा वेळ वाया गेला, मनापासून माफी मागते.
सेशन झालंच नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगही नाही आणि तुमचं काही हुकलेलं नाही.
नवीन वेळ: शनिवार, २६ जुलै २०२५. सेलू: संध्याकाळी ७.३०. न्यू जर्सी: सकाळी १०. (UTC १४.००.)
लिंक जुनीच आहे. कॅलेंडरवरची वेळ मी बदलली आहे, तरी एकदा तपासा. त्या वेळी जमत नसेल तर प्रश्न याच मेलवर पाठवा, मी ताईला विचारून उत्तर कळवेन."

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या. एक, IST लिहिलंच नाही. आपल्याला ती भारतीय वेळ, पण आयर्लंड आणि इस्रायलमध्येही तीच अक्षरं वापरतात. शहराचं नाव आणि वार लिहिला की गोंधळाला जागा राहत नाही. कॅलेंडरमध्येही America/New_York असा झोन निवडला की उन्हाळा-हिवाळा ते स्वतःच बघतं. दोन, कॅलेंडरचं नवीन आमंत्रण न पाठवता जुनंच एडिट केलं. नवीन पाठवलं असतं तर जुनं साडेआठचं तसंच राहिलं असतं आणि लोकांच्या फोनने दोनदा घंटी वाजवली असती.

हे पत्र त्याच रात्री गेलं, आलेल्यांना आणि न आलेल्यांनाही. पण ताईला मेल नाही, फोन केला. वेळ माझ्यामुळे तिचाही गेला होता आणि वाट बघत बसलेल्या माणसाला सगळ्यांसोबत एकच मेल धाडणं बरं दिसत नाही. ती हसली आणि म्हणाली, "अगं, EST मीच लिहिलं होतं ना!" हे मात्र मी पत्रात घातलं नाही. वेळ कन्फर्म करण्याचं काम माझं होतं.

पुढच्या शनिवारी सव्वासातलाच त्या मुलाचा चेहरा स्क्रीनवर दिसला. मागून आत्याचा आवाज आला, "आज आहे ना जी नक्की?"