दुखत नाही म्हणून

तालुक्याच्या रुग्णालयात खालून येणाऱ्या संदर्भ चिठ्ठ्यांवर बहुधा एकच ओळ असते : ‘पायाला जखम, बरी होत नाही, पुढील उपचारासाठी पाठवीत आहे.’ ती वाचून वरच्या डॉक्टरला काहीच उलगडत नाही. मग तोही एकच ओळ लिहितो : ड्रेसिंग, अँटिबायोटिक, साखर तपासा. या दोन ओळींच्या मध्ये माणूस महिनोन्‌महिने हेलपाटे घालत राहतो. मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रातून गेलेली एक चिठ्ठी अलीकडे पाहण्यात आली. तिथल्या आशाताईंनी आणि समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या तरुणीने मिळून लिहिलेली ही चिठ्ठी या रिवाजात बसत नाही.

रुग्ण ऊसतोड कामगार, पंचेचाळिशीचा. डिसेंबरात फडात उसाचा बुडखा उजव्या तळपायात शिरला. एप्रिलमध्ये टोळी गावी परतली तेव्हा अंगठ्याच्या मुळाखालच्या उंचवट्यावर जखम होती आणि तीन ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा एकही कागद जवळ नव्हता. उपकेंद्रात पहिल्या दिवशी मोजले : टाचेकडून बोटांकडे लांबी ३.४ सेंटिमीटर, तिला काटकोनात रुंदी २.५. चार आठवडे नियमित ड्रेसिंग झाल्यावर पुन्हा मोजले : ३.२ आणि २.४. लांबी-रुंदीचा गुणाकार साडेआठवरून सुमारे पावणेआठवर आला, म्हणजे घट दहा टक्क्यांच्याही आत. मधुमेहाच्या पायावरच्या जखमांसाठी ठोकताळा असा, की चार आठवड्यांत जखम निम्म्याने आटली नाही तर उपचारात किंवा निदानात काहीतरी चुकते आहे असे समजावे. इतर जखमांनाही तो मोजपट्टी म्हणून लावता येतो. ‘बरी होत नाही’ ही नुसती तक्रार राहते. हे आकडे पुरावा ठरतात.

फोटोबद्दलही तीच शिस्त. सोबत दोन फोटो आहेत. एक लांबून घेतलेला, त्यात पूर्ण तळपाय, म्हणजे जखम नेमकी कुठे ते कळते. दुसरा जवळून, जखमेच्या अगदी समोर मोबाइल धरून, दिवसाउजेडी, जखम धुतल्यावर आणि मलम लावण्याआधी. कडेला सेंटिमीटरची कागदी पट्टी आणि तिच्यावर तारीख. चेहरा नाही, नाव नाही. तिरक्या कोनातून आणि पट्टीशिवाय काढलेल्या फोटोत जखमेचा आकार फसवा दिसतो, फ्लॅशमुळे मृत पांढरा थर चकाकून निरोगी वाटतो.

पण फोटोंपेक्षाही या चिठ्ठीतली लेखी नोंद महत्त्वाची आहे. कडेला जाड, पांढरट घट्टा. तळ फिकट लाल, मध्ये पिवळा पापुद्रा. पू नाही, दुर्गंधी नाही, भोवतीची कातडी गरम नाही, ताप नाही. जखमेची कड फुलकोबीसारखी उलटून वर आलेली नाही. हे शेवटचे मुद्दाम लिहिले आहे, कारण जुनाट जखमेची कड तशी झाली तर कर्करोगाची शंका घेऊन कडेचा तुकडा तपासावा लागतो. पायाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी लागते, म्हणजे रक्तपुरवठा बरा असावा. ग्लुकोमीटरवर साखर ११८. तेवढ्यावरून मधुमेह नाकारता येत नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर वरच्या रुग्णालयात पाहावी, असेही पुढे लिहिले आहे. आणि मग एक छोटीशी नोंद : वेदना नाही.

चार महिन्यांची उघडी जखम घेऊन माणूस पायावर पूर्ण भार टाकून चालतो आणि त्याला दुखत नाही, ही दिलाशाची गोष्ट नव्हे. ज्या पायाला दुखते तो लंगडतो, भार दुसऱ्या पायावर टाकतो, आणि तेवढ्या विसाव्यात जखम भरून येते. बधिर पाय लंगडत नाही. प्रत्येक पावलाला तोच भार त्याच उंचवट्यावर पडतो आणि रात्री भरलेले दिवसा फाटते. म्हणून या दोघींनी रुग्णाला डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने तळपायावर दहा जागी हलकेच स्पर्श केला आणि कुठे लागले तिथे बोट ठेवायला सांगितले. चार जागा त्याला कळल्याच नाहीत. घोट्याच्या आतल्या बाजूची नस चाचपली, ती डाव्या पायापेक्षा जाड लागली. अंगावर पाहिले, तर डाव्या बाहूवर फिकट चट्टा. तिथेही स्पर्श कळत नव्हता. चिठ्ठीचा शेवट असा : ‘नसेचा आजार असावा. कुष्ठरोगासाठी तपासावे.’ रोगाचे नाव ठरवून त्या मोकळ्या झाल्या नाहीत, हे आम्हाला विशेष वाटते.

कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे देशाने २००५ साली जाहीर केले. त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण एवढाच होता. लोकांनी आणि काही डॉक्टरांनीही तो ‘रोग संपला’ असा घेतला. मग तळपायाची जखम दिसली की डोळ्यांपुढे येते ती साखर, आणि साखर नसली की जंतुसंसर्ग. या माणसाला तीनदा अँटिबायोटिक दिले गेले. संसर्गाचे एकही लक्षण नसताना त्या गोळ्यांनी काय व्हायचे होते? कुष्ठरोगाची औषधे रोगाच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने, सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्यांनी जंतू मरतात. पण गेलेली संवेदना बहुधा परतत नाही, आणि जखमही गोळ्यांनी भरत नाही. ती भरते भार काढल्याने. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला हेच दाखवून दिले होते, की कुष्ठरुग्णाचे मांस सडके नसते. पायाला प्लास्टर घालून विश्रांती दिली की त्याचीही जखम इतरांसारखीच भरते.

विश्रांती म्हणायला सोपी. चिठ्ठीत एक ओळ अशीही आहे : ‘मुकादमाची उचल बाकी, सध्या विहिरीच्या कामावर, रोज आठ तास उभा.’ वैद्यकीय फॉर्मात या ओळीला रकाना नाही, ती समासात लिहिली आहे. आमच्या मते जखमेच्या मापाइतकीच ती निदानाचा भाग आहे. ‘पायावर भार देऊ नका’ हा सल्ला या माणसाला देऊन घरी धाडणे म्हणजे काहीच न देणे. त्याला घट्टा तासून प्लास्टर घालायचे, की दाखल करून घ्यायचे, आणि नंतर मऊ रबरी तळाच्या चपला कधी द्यायच्या, हे वरच्याने ठरवायचे असते.

आणि नेमके तेच ठरल्याचे दिसत नाही. रुग्ण तालुक्याहून परतला तो चिठ्ठी तशीच घेऊन. ‘उलट संदर्भ’ असे छापलेला तिचा खालचा भाग पूर्ण कोरा. ड्रेसिंग सोडले गेले की नाही, चट्टा पाहिला की नाही, कशाचाच पत्ता नाही. उपकेंद्रातल्या दोघींना प्रशिक्षण देऊन पट्टी, ग्लुकोमीटर आणि फॉर्म दिले, पण त्या फॉर्मावर उत्तर मागण्याचा अधिकार दिला नाही. रुग्णालयांच्या मासिक बैठकीत किती संदर्भ आले याचा आकडा विचारला जातो. किती चिठ्ठ्यांना लेखी उत्तर गेले, हा आकडाही जिल्हा शल्यचिकित्सकांनी त्याच बैठकीत, येत्या महिन्यापासून विचारावा.