कामगार कचेरीस लिहावयाचे पत्र

सुशिक्षितांच्या घरी ‘एवढा अर्ज लिहून द्या’ म्हणून कोणी ना कोणी येतच असते. कळंबच्या एका वाचक भगिनींकडे असाच एका डाळगिरणीतील कामगार आला. धाराशिवच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांना पाठविण्यासाठी त्याने लिहिलेले पत्र त्यांनी आमच्याकडे धाडले असून ते कसे सुधारावे, अशी पृच्छा केली आहे. पत्र असे आहे:

“साहेब, मालक लबाड आहे. येळवशीपासून पगाराचे नाव नाही. लेकरांचे हाल चालले आहेत. माझे चाळीस हजार बुडवले आणि शिव्या देऊन हाकलून दिले. गरिबाला न्याय द्यावा.”

यातील दुःख खरे आहे. परंतु मालकास नोटीस काढावयास बसलेल्या अधिकाऱ्यास यातून काय हाती लागते? कामावर केव्हा लागला, पगार किती ठरला होता, शेवटचा केव्हा मिळाला, चाळीस हजार कशाचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पत्रात नाही. मालक लबाड आहे की नाही, हे कचेरी ठरवीत नाही. रक्कम देणे होती काय व ती दिली गेली काय, एवढेच ती पाहते. म्हणून विशेषणे गाळावी आणि त्यांच्या जागी तारखा घालाव्या.

तारखा आठवत नाहीत, ही नेहमीची अडचण. पण ‘येळवस’ हा शब्दच येथे उपयोगी पडतो. वेळा अमावास्या २०२५ साली १९ डिसेंबरला होती, हे पंचांग सांगते. बँकेच्या पासबुकात नोव्हेंबरचा पगार ५ डिसेंबरला जमा झालेला दिसतो. जी तारीख अशी पक्की होत नाही, तिच्यापुढे ‘सुमारे’ लिहावे. अंदाजाची तारीख ठामपणे लिहिली आणि ती खोटी ठरली, तर खऱ्या तारखांवरचाही विश्वास उडतो.

आणखी खोदून विचारता कळले की, येळवशीच्या दिवशी त्याने रोख ३,००० रुपये उचल घेतली होती. पत्रात तिचा उल्लेख नाही. ती आपणच सांगून वजा करावी, कारण मालक पहिल्याच तारखेस ती पुढे करणार. आता हिशेब मांडला म्हणजे चाळीस हजारांचे खरे रूप दिसते. सुधारलेला अर्ज असा:

“दिनांक २ मार्च २०२६
विषय: थकलेले वेतन रु. ३४,५०० मिळण्याबाबत.
१. मी सदर गिरणीत (पूर्ण नाव, पत्ता व मालकाचे नाव) १ जून २०२४ पासून यंत्रावर काम करीत होतो. वेतन दरमहा रु. १५,०००.
२. नोव्हेंबर २०२५ चे वेतन ५ डिसेंबर २०२५ रोजी बँकेत जमा झाले. त्यानंतरचे वेतन मिळालेले नाही.
३. १४ फेब्रुवारी २०२६ रोजी मला तोंडी सांगून कामावरून कमी केले. त्या दिवसापर्यंत मी काम केले आहे.
४. येणे: डिसेंबर रु. १५,०००, जानेवारी रु. १५,०००, फेब्रुवारीचे १४ दिवस रु. ७,५००, एकूण रु. ३७,५००. वजा १९ डिसेंबरची उचल रु. ३,०००. बाकी रु. ३४,५००.
५. सोबत: पासबुकाची प्रत, हजेरीची वही, मालकाशी झालेल्या संदेशांच्या प्रती.
तरी वरील रक्कम मिळवून द्यावी, ही विनंती.”

शिव्यांचा व कामावरून काढल्याचा वाद येथे मिसळलेला नाही; ती गाऱ्हाणी वेगळी, त्यांचे अर्जही वेगळे. काढल्याची तारीख मात्र ठेविली आहे, कारण तिच्यावर देण्याची मुदत अवलंबून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि कामावरून काढल्यास सर्व बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यावी लागते. पगार दिला, हे सिद्ध करण्याचा भार त्याच संहितेने मालकावर टाकला आहे. तथापि आपण तेथे काम करीत होतो, हे कामगारालाच दाखवावे लागते. म्हणून पासबुकातील मालकाच्या नावाची ती एक ओळ दहा विशेषणांहून मोलाची. दाव्याची मुदत तीन वर्षांची असली, तरी साक्ष देणारे सोबती तोपर्यंत गाव सोडून जातात, हे विसरू नये.

अर्जाच्या दोन प्रती कराव्या. एक कचेरीत द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती जपून ठेवावी. मूळ पासबुक व वही मात्र हातची सोडू नये; त्या केवळ दाखवावयाच्या, द्यावयाच्या नव्हेत.