नंबर तोच, मग चष्म्याच्या काचेची किंमत दहापट का?

चष्म्याच्या दुकानात नंबरचा कागद पुढे केला की काउंटरवर किमतींचा तक्ता येतो. त्याच नंबरची काच कुठे पाचशे रुपयांना, कुठे पाच हजारांना. प्रोग्रेसिव्ह असेल तर वीस-तीस हजारांपर्यंतही मजल जाते. नंबर म्हणजे प्रकाश किती वळवायचा याचे माप. ते सगळीकडे सारखेच. जादा पैसे जातात ते काचेची जाडी, तिच्यावरचे कोटिंग आणि पृष्ठभागाचा आकार यांत. या तिन्हींवर सारख्याच उदारपणे खर्च करायची मात्र गरज नाही.

पातळ काच कोणासाठी?

'हाय इंडेक्स' काच प्रकाश अधिक वळवते, म्हणून ती कमी फुगीर ठेवली तरी चालते. उणे २ नंबरची, ५० मिलिमीटर व्यासाची काच घ्या. साध्या १.५० इंडेक्सच्या प्लास्टिकमध्ये तिची कड मध्यभागापेक्षा साधारण सव्वा मिलिमीटर जाड असते आणि १.६७ मध्ये ०.९ मिलिमीटर. एवढ्या फरकासाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही. नंबर उणे ६ असेल तर हेच आकडे पावणेचार आणि २.८ होतात. तिथे फरक नजरेला आणि नाकालाही जाणवतो. त्यापुढे १.७४ वर उडी मारली तर आणखी जेमतेम पाव मिलिमीटर वाचतो.

दुकानात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की याच उणे ६ साठी ४० मिलिमीटरची छोटी फ्रेम निवडली, तर साध्या प्लास्टिकमध्येही कडेची वाढ २.४ मिलिमीटरवर येते. म्हणजे मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षाही कमी.

कोटिंगमध्ये काय घ्यावे?

अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगला पैसे द्यावेत. कोटिंग नसलेली साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते, १.६७ ची त्याहून जास्त. रात्री समोरच्या गाडीचे दिवे काचेत दुहेरी दिसतात ते त्यामुळेच. ओळखायला सोपे आहे. काचेत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. ते पांढरे, ठसठशीत दिसले तर कोटिंग नाही. फिकट हिरवे किंवा निळसर दिसले तर आहे.

'ब्लू कट'साठी मात्र वेगळे पैसे मोजू नयेत. २०२३ मध्ये कॉक्रेनने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी अल्पकाळात कमी होतो, असे त्यात दिसले नाही. तरीही विक्रीचा आग्रह नेमका याच कोटिंगचा असतो.

खरा फरक चाळिशीनंतर

एकाच नंबरच्या साध्या काचेत ब्रँड बदलून दिसण्यात फारसा फरक पडत नाही. पडला तर कोटिंगच्या टिकाऊपणात. प्रोग्रेसिव्हमध्ये गोष्ट वेगळी. तिथे वर लांबचा, खाली वाचनाचा आणि मधल्या अरुंद पट्ट्यात हळूहळू बदलणारा नंबर असतो. पृष्ठभाग असा बदलत नेला की पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धूसरपणा येतोच. तो भूमितीचा नियम आहे, कोणतीही कंपनी तो पुसू शकत नाही. चांगले डिझाइन तो धूसर भाग कुठे ढकलायचा आणि किती सौम्य करायचा एवढेच ठरवते. जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटणे किंवा संगणकासाठी मान वर करावी लागणे, हा त्याचाच परिणाम.

म्हणून इथे डिझाइनवर खर्च करणे रास्त. पण एस्सिलॉर, झाइस, होया या प्रत्येकाकडे स्वस्त ते महाग अशा अनेक श्रेणी असतात, तेव्हा नुसते कंपनीचे नाव ऐकून पैसे देऊ नयेत. डिझाइनचे नेमके नाव बिलावर लिहून घ्यावे. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याने मधला पट्टा रुंद असलेले डिझाइन मागावे. नंबर उणे असला तरी इथे फ्रेम फार बुटकी नको. पट्टा आखूड झाला की नंबर झपाट्याने बदलतो आणि कडेचा धूसरपणा वाढतो.

सर्वांत महत्त्वाचे माप घेतले जाते ते दुकानातच. निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बुबुळाचे अंतर वेगवेगळे आणि बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजायला हवी. हे न करता ऑर्डर घेणाऱ्या दुकानात तीस हजारांची काचही वाया जाऊ शकते, कारण दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी वाचनाचा भाग नजरेखाली येत नाही.

काच हातात आल्यावर तिच्यावर वाफ सोडून उजेडात तिरकी धरावी. प्रोग्रेसिव्हवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कायमच्या खुणा असतात. कानाकडच्या खुणेखाली वाचनासाठी वाढवलेला नंबर आणि नाकाकडच्या खुणेखाली सहसा डिझाइनचे चिन्ह कोरलेले असते. ते बिलावरच्या नावाशी जुळत नसेल, तर चष्मा तिथेच परत द्यावा.