दामदुप्पट किती वर्षांत? पावती घेण्याआधी फोनवर तपासा

‘पैसे किती वर्षांत दुप्पट?’ हा प्रश्न बीडमध्ये मल्टिस्टेटच्या काउंटरवर हजारो लोकांनी विचारला असेल. ‘एवढ्या लवकर दुप्पट, म्हणजे व्याज नेमके किती टक्के?’ हा उलटा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे आणि त्याचे उत्तर बारावीच्या गणितातल्या लॉगॅरिदममध्ये आहे.

ज्ञानराधा मल्टिस्टेटचे प्रकरण जिल्ह्याला नवे नाही. ठेवींवर १२ ते १४ टक्के व्याजाचे आमिष दाखवले गेले, असे ईडीचे म्हणणे आहे. ठेवी परत न मिळाल्याच्या तक्रारींवरून २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले. त्याच वेळी पोस्टात किसान विकास पत्रावर ७.५ टक्के मिळत होते. दोन दरांतला फरक ऐकताना पाच-सहा टक्क्यांचा वाटतो. वर्षांत मोजला की त्याची ओढ कळते.

चक्रवाढ व्याजात रक्कम दरवर्षी त्याच पटीने वाढते. ७.५ टक्के म्हणजे दरवर्षी १.०७५ पट. असा गुणाकार किती वेळा केला की रक्कम दुप्पट होईल, हे लॉग सांगतो. सूत्र एका ओळीचे आहे:

```
वर्षे = log(लक्ष्य ÷ मुद्दल) ÷ log(1 + दर)
```

गुगलच्या सर्चमध्ये `log(2)/log(1.075)` टाइप करा. उत्तर येते ९.५८ वर्षे, म्हणजे ११५ महिने. १ एप्रिल २०२३ पासून किसान विकास पत्राची मुदत नेमकी ११५ महिनेच ठरली. त्याआधीच्या तिमाहीत दर ७.२ टक्के होता आणि मुदत १२० महिने. सूत्रात `1.072` घालून पाहा, उत्तर तिथेच येते. सरकारची मुदत काही आकाशातून पडलेली नाही.

आता दुप्पट सोडून आपले लक्ष्य घेऊ. कापसाच्या पैशातून दोन लाख बाजूला पडले आहेत आणि मुलीच्या शिक्षणासाठी पाच लाख हवेत. म्हणजे अडीच पट. ‘७२ भागिले दर’ हा सोपा नियम इथे चालत नाही, तो फक्त दुपटीसाठी आहे. `log(2.5)/log(1.075)` म्हणजे १२.६७, साधारण १२ वर्षे ८ महिने. हेच १३ टक्क्यांनी केले तर साडेसात वर्षे. मुलगी आज दहा वर्षांची असेल, तर एका हिशेबात पैसे ती साडेसतरा वर्षांची असताना हातात येतात आणि दुसऱ्यात ती जवळपास तेवीस वर्षांची झालेली असते. लोक लोभी होते, असे सहज म्हणणाऱ्यांनी हा फरक एकदा मोजावा.

पण हेच सूत्र उलटे फिरवले की सावध करते. ‘पाच वर्षांत दुप्पट’ अशी जाहिरात दिसली तर `2^(1/5)` टाइप करा. उत्तर १.१४८७, म्हणजे वर्षाला जवळपास १४.९ टक्के. एवढे व्याज ठेवीदाराला द्यायचे, शिवाय शाखांचा खर्च आणि बुडीत कर्जे सोसायची, तर संस्थेने कर्ज किमान १७-१८ टक्क्यांनी दिले पाहिजे. हे कर्ज घेतो कोण आणि त्याचा धंदा एवढे कमावतो का? काउंटरवर याचे उत्तर मिळाले नाही तर पावती घेऊ नये. मुद्दल परत येईल की नाही, हे लॉग सांगत नाही. ते येणारच, असे धरूनच तो वर्षे मोजतो.

दर कायम राहील, हेही तो धरून चालतो. किसान विकास पत्र ११५ महिन्यांनी संपते. मग हातातले चार लाख त्या दिवशीच्या दराने पुन्हा गुंतवावे लागतात. तेव्हा दर ६ टक्के असेल, तर उरलेल्या तीन वर्षे एक महिन्याऐवजी तीन वर्षे दहा महिने लागतील.

मोठी अडचण महागाईची. फी वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते असे धरा. मग लक्ष्यही पुढे पळते आणि आपली खरी वाढ १.०७५ ÷ १.०५, म्हणजे वर्षाला जेमतेम २.४ टक्के उरते. आजच्या किमतीतले पाच लाख गाठायला तेव्हा ३९ वर्षे लागतात! इथे माणूस जास्त व्याजाच्या मागे धावतो. त्यापेक्षा वर्षे ठरवून मुद्दल मोजावे. १२ वर्षे ८ महिन्यांनी आजचे पाच लाख सुमारे ९ लाख २८ हजार झालेले असतील. त्याला अडीचने भागले की आज दोन लाख नव्हे, ३ लाख ७१ हजार ठेवायला हवेत. कमी पडणारे १ लाख ७१ हजार पुढच्या दोन-तीन हंगामांत जमवावे लागतील आणि ते उशिरा ठेवले जाणार म्हणून थोडे जास्तच.