उत्तराची वाट न पाहणारं पत्र

झुइडासच्या आसपास ओळखी पटकन जुळतात आणि तितक्याच पटकन विरतात. नोकरी बदलली की घर बदलतं, मुलांची शाळा बदलते आणि खेल्डरलँडप्लाइनला रोज भेटणारी मैत्रीण आइंडहोव्हनला जाते. त्यात 'केनिसमिग्रंट' परवान्यावर आलेल्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. अशा दिवसांत काही जण संकोचाने कोणाशीच बोलत नाहीत. म्हणून गप्प मैत्रिणीला लिहिताना ती रागावलीच आहे, असं धरून चालू नये.

आपल्या मंडळातल्या एका मैत्रिणीने तिचा मसुदा मला वाचायला दिला. भांडायचं नव्हतं, फक्त वाट पाहणं संपवायचं होतं. तिने लिहिलं होतं, "तू मार्चपासून एकदाही उत्तर दिलं नाहीस. माझं काय चुकलं ते तरी सांग. असो."

पहिल्या वाक्याचा कर्ता 'तू' आहे, त्यामुळे ते आरोपासारखं वाचलं जातं. दुसरं वाक्य उत्तर मागतं, म्हणजे वाट पाहणं पुन्हा सुरू. आणि 'असो'! जुन्या पत्रांत तो विषय बदलायचा साधा शब्द होता. इथे मात्र तो उसासा वाटतो.

आम्ही मिळून ते असं केलं:

"अ‍ॅमस्टरडॅमसे बॉसमध्ये मुलांना घेऊन मारलेल्या चकरा आठवतात. पहिल्या हिवाळ्यात तुझ्यामुळे मी घराबाहेर पडले. मार्चपासून आपलं बोलणं थांबलंय, त्याचं वाईट वाटलं. कारण विचारत नाही. आता मी आपणहून मेसेज करणार नाही, पण मनात राग नाही. कधी बोलावंसं वाटलं तर माझा नंबर तोच आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

एक नेमकी आठवण, घडलेली गोष्ट 'आपलं' म्हणून, स्वतःचं वाटणं एका वाक्यात, आणि पुढे आपण काय करणार ते. नंबराचं वाक्य मनापासून असेल तरच ठेवावं, नाहीतर खुशाल गाळावं. उसने पैसे किंवा राहिलेला कुकर यांचा विषय वेगळ्या मेसेजमध्ये काढावा, नाहीतर सगळं पत्र तगाद्यासारखं वाटतं.

दिवाळीच्या दिवशी पाठवू नये. शुभेच्छांच्या गर्दीत त्याला "तुलाही!" एवढंच उत्तर येतं. रात्री लिहिलेलं सकाळी पुन्हा वाचून पाठवावं. नंतर निळ्या खुणा तपासत बसू नये. ती सोय बंद ठेवता येते, त्यामुळे खूण दिसली नाही म्हणून वाचलंच नाही, असं होत नाही.

"अगं, बिझी होते" असं उत्तर आलं, तर "बरं वाटलं" एवढं लिहावं आणि पुढचं पाऊल तिला टाकू द्यावं. चिडून उत्तर आलं, तर "तुझं म्हणणं वाचलं" इतकंच. खुलासे सुरू झाले की जे टाळायचं होतं तेच भांडण सुरू होतं.